डिलिव्हरी चुकल्यानंतरचं पत्र: दिलगिरी थोडक्यात, तारखा मात्र सविस्तर

प्रश्न: आमचं छोटं मशिन शॉप आहे. एका ग्राहक कंपनीला 1800 शाफ्ट गुरुवारी, 12 जूनला पोचवायचे होते, ते चुकलं. 500 नग तयार आहेत, 700 हार्डनिंग होऊन ग्राइंडिंगसाठी थांबलेत आणि 600 हार्डनिंगमध्ये वाकले, ते नव्याने करावे लागतील. ग्राइंडिंगचं मशिन एकच, एका शिफ्टला 80 नग. नवीन बार सोमवारी येईल, टर्निंग दिवसाला 150 होतं, हार्डनिंग बाहेर करून घेतो, त्याला दोन दिवस लागतात. माल ग्राहकाकडे पोचायला एक रात्र. मालक म्हणतात, "अपरिहार्य कारणांमुळे उशीर झाला, उरलेला माल आठ-दहा दिवसांत देतो, सहकार्य करावे, असं लिहून टाक." मला ते पटत नाहीये. माफीचं पत्र नेमकं कसं लिहू?

उत्तर:

हे पत्र ज्याच्या टेबलावर पडणार आहे त्या खरेदी विभागातल्या माणसाचा विचार आधी करा. त्याला तुमच्या दिलगिरीशी फारसं देणंघेणं नसतं. त्याच्या मागे त्याचा प्रॉडक्शनवाला उभा असतो आणि एकच विचारत असतो: कुठल्या तारखेला किती नग हातात पडतील? "आठ-दहा दिवसांत" हे उत्तर त्याला पुढे देता येत नाही. मग तो रोज तुम्हाला फोन करतो, तुम्ही रोज वेगळं काहीतरी सांगता आणि तिसऱ्या दिवशी तो दुसरा पुरवठादार शोधायला लागतो. तुमचं पत्र एक अक्षरही न बदलता त्याला प्रॉडक्शनकडे पाठवता आलं, तर ते जमलं असं समजा.

पत्राआधी फोन करा. उशीर झाल्याचं ग्राहकाला पत्रातूनच कळलं, तर पुढचा मजकूर कितीही चांगला असला तरी तो रागातच वाचला जातो. फोनवर सफाई देत बसू नका. काय झालं ते दोन वाक्यांत सांगा आणि लगेच विचारा की हे शाफ्ट त्यांच्या लाइनवर कधीपासून लागणार आणि दिवसाला किती लागतात. ऑर्डर 1800 ची असली तरी सोमवारी सकाळी त्यांना 1800 लागत नसतात. या एका आकड्यावर पुढचा सगळा आराखडा उभा राहतो आणि तो तुमच्याकडे नसतो, त्यांच्याकडे असतो. त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या: माल टप्प्याटप्प्याने दिला तर चालेल का, आणि शनिवारी स्टोअर माल उतरवून घेतं का. पर्चेस ऑर्डरवर एकच तारीख आणि एकच संख्या असेल तर 500 नगांची गाडी गेटवरून परत फिरल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. त्यांच्या सिस्टिममध्ये शेड्यूल बदलून घ्यावं लागतं आणि ते काम त्यांचं असलं तरी आठवण करणं तुमचं.

समजा ते म्हणाले की सोमवारी 16 पासून लाइन चालू आहे, रोज 120 शाफ्ट लागतात, रविवारी सुट्टी, शनिवारी माल घेऊ. आता कागद घेऊन बसा.

तयार 500 नग आज, 13 ला संध्याकाळी निघाले तर उद्या पोचतात. 120 च्या हिशेबाने 16, 17, 18 आणि 19 हे चार दिवस निघतात आणि 20 नग उरतात. म्हणजे 20 तारखेच्या सकाळी लाइन उपाशी राहायची नसेल तर पुढचा माल 19 ला तिथे असला पाहिजे.

700 नगांना अडचण फक्त ग्राइंडिंगची. एका शिफ्टमध्ये 80, म्हणजे जवळजवळ नऊ दिवस; ते परवडत नाही. उद्यापासून दुसरी शिफ्ट लावली तर दिवसाला 160. शनिवारी 160, सोमवारी 320, मंगळवारी रात्रीपर्यंत 480. गुरुवारी दुपारपर्यंत सगळे 700 होतील. इथे बहुतेक जण चुकतात: 700 पूर्ण झाले की तपासायचे, पॅक करायचे आणि एकदम पाठवायचे असं ठरवतात. तसं केलंत तर गाडी 20 ला निघेल, 21 ला पोचेल आणि 20 तारखेला ग्राहकाची लाइन बंद पडेल. मंगळवारचे 480 बुधवारी तपासून संध्याकाळी रवाना केले की ते 19 ला हजर. उरलेले 220 शुक्रवारी निघून शनिवारी, 21 ला पोचतील. काम तेवढंच, एक गाडी जास्त, पण ग्राहकाचा एक दिवस वाचला. जास्तीच्या गाडीचं भाडं तुम्हीच द्यायचं, त्यावर घासाघीस करू नका.

आता नवीन 600. बार 16 ला येतील, टर्निंग 17 ते 20. सगळे 600 होईपर्यंत थांबायचं नाही. 18 ला संध्याकाळी पहिले 300 हार्डनिंगला जातील आणि 20 ला परत येतील. तेव्हाच दुसरे 300 जातील, मध्ये रविवार असल्यामुळे ते 23 ला परत येतील. ग्राइंडिंग मशिन 19 ला मोकळं झालेलंच आहे. पहिले 300 शनिवारी आणि सोमवारी होतील, मंगळवारी तपासून निघाले की 25 ला पोचतील. दुसरे 300 मंगळवार-बुधवारी ग्राइंड होऊन 26 ला निघतील, 27 ला पोचतील.

मालकांना हा कागद दाखवा. त्यांचे "आठ-दहा दिवस" 23 तारखेला संपतात. शेवटची गाडी कितीही घाई केली तरी 27 च्या आधी पोचत नाही. म्हणजे ते पत्र तसंच गेलं असतं तर तुमचा दुसरा शब्दही मोडणार होता. एकदा चुकलेली तारीख ग्राहक सोडून देतो. माफीच्या पत्रातली तारीख चुकली की त्यानंतर तुमच्या कुठल्याच तारखेवर तो विसंबत नाही.

पण 27 ही तारीखही पत्रात लिहायची नाही. कागदावरच्या तारखा सगळं सुरळीत झालं तरच्या असतात. थोडी सवड ठेवायला हवी, मात्र सगळीकडे सरसकट दोन दिवस वाढवून नाही. प्रत्येक टप्प्याला ग्राहकाची गरज कधी आहे ते पाहा. 220 नग तुम्ही 21 ला देऊ शकता, त्यांना ते 25 च्या सकाळी लागतील. पत्रात 23 लिहा. पहिले 300 नग 25 ला पोचतील, गरज 27 च्या सकाळी; पत्रात 26 लिहा. शेवटचे 300 नग 27 ला पोचतील, गरज 30 ला दुपारी; पत्रात 28 लिहा. 480 च्या टप्प्याला मात्र सवड नाहीच. तुम्ही 19 ला सकाळी पोचवणार आणि त्यांना 20 ला सकाळी लागणार. "19 ला संध्याकाळपर्यंत" एवढंच काय ते. म्हणून त्या टप्प्याला पत्रात वेगळी ओळ हवी: घसरण होतेय हे तुम्हाला कधी कळेल आणि कळल्यावर काय कराल. सोमवारी रात्री 320 नग व्हायला हवेत. दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर आला नाही तर तेव्हा 160 च झालेले असतील, म्हणजे बुधवारच्या गाडीआधी तुमच्या हातात दीड दिवस आहे.

कारण लिहिताना "अपरिहार्य" हा शब्द काढूनच टाका. शाफ्ट आडवे रचून भट्टीत गेले म्हणून वाकले असतील, तर यात अपरिहार्य काही नाही. ग्राइंडिंगसाठी तुम्ही व्यासावर साधारण 0.4 मिमी माल ठेवत असाल आणि शाफ्ट फिरवल्यावर डायलवर त्याहून जास्त फरक दिसत असेल, तर दगड एका बाजूला पोचतच नाही, टर्निंगच्या खुणा तशाच राहतात. असा शाफ्ट ग्राइंड करून वाचत नाही. ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याला हे दोन ओळींत कळतं आणि पुढचा माल तसाच येणार नाही याची खात्री त्याला हवी असते. म्हणून कारणाला जोडूनच बदल लिहा: लांब शाफ्ट आता उभे टांगून हार्डनिंगला जातील आणि प्रत्येक लॉटमधले पाच नग व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल लावून पाहिल्याशिवाय लॉट ग्राइंडिंगला जाणार नाही. (ज्यांच्याकडून तुम्ही हार्डनिंग करून घेता त्यांच्याशी आधी बोलून, उभं टांगायची सोय त्यांच्याकडे आहे ना हे पाहून मगच ही ओळ लिहा.) त्यांचं नाव मात्र घेऊ नका. ग्राहकाने ऑर्डर तुम्हाला दिली होती. "आमच्या बाहेरच्या पुरवठादाराकडून चूक झाली" हे वाक्य खरं असलं तरी वाचणाऱ्याला ते अंग झटकल्यासारखंच वाटतं.

मध्येच कोणी सुचवेल की वाकलेले 600 प्रेसवर सरळ करून घेऊ, दहा दिवस वाचतील. हार्डनिंग झालेला शाफ्ट दाबून सरळ करताना त्याला डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे जाऊ शकतात. क्रॅक टेस्ट केल्याशिवाय आणि ग्राहकाची लेखी संमती घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. उशिरा आलेल्या मालाबद्दल ग्राहक कुरकुरतो, पण यंत्रात बसवल्यावर तुटलेल्या शाफ्टने त्याचं नाव खराब होतं.

पत्र असं लिहा:

---

दिनांक: 13 जून

प्रति,
व्यवस्थापक, खरेदी विभाग

विषय: 1800 शाफ्टची 12 जूनची डिलिव्हरी चुकल्याबद्दल दिलगिरी आणि सुधारित वेळापत्रक
संदर्भ: आपली पर्चेस ऑर्डर क्र. ___, आज सकाळचे दूरध्वनीवरील बोलणे

महोदय,

वरील ऑर्डरचे 1800 शाफ्ट 12 जूनपर्यंत आपल्याकडे पोचायला हवे होते. ते आम्ही देऊ शकलो नाही आणि ही गोष्ट आपल्याला आधी कळवायला हवी होती, तेही झाले नाही. या दोन्हींबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.

हार्डनिंगच्या वेळी शाफ्ट आडवे रचल्यामुळे 600 नग मर्यादेपेक्षा जास्त वाकले. ते नाकारले असून नव्याने बनवत आहोत. यापुढे हे शाफ्ट उभे टांगून हार्डनिंग केले जातील आणि प्रत्येक लॉटमधील पाच नगांची रनआउट तपासणी झाल्यावरच लॉट ग्राइंडिंगला घेतला जाईल.

आपल्याला 16 जूनपासून रोज 120 नग लागतात हे धरून आम्ही पुढील वेळापत्रक केले आहे. सर्व तारखा माल आपल्या स्टोअरमध्ये पोचण्याच्या आहेत.

14 जून, शनिवार: 500 नग (तयार, तपासलेले, आज संध्याकाळी रवाना)
19 जून, गुरुवार, संध्याकाळपर्यंत: 480 नग (एकूण 980)
23 जून, सोमवार: 220 नग (एकूण 1200)
26 जून, गुरुवार: 300 नग (एकूण 1500)
28 जून, शनिवार: 300 नग (एकूण 1800)

यासाठी ग्राइंडिंगची दुसरी शिफ्ट उद्यापासून सुरू करत आहोत. जादा फेऱ्यांचा वाहतूक खर्च आमच्याकडे राहील.

19 जूनच्या टप्प्याला आमच्याकडे फारशी सवड नाही, हे आपल्याला आधीच सांगतो. सोमवारी, 16 ला रात्री ग्राइंडिंग 320 नगांऐवजी 250 च्या खाली राहिले, तर मंगळवारी सकाळी 10 च्या आत आपल्याला फोन करू आणि बुधवारी जेवढे नग तपासून तयार असतील तेवढे त्याच गाडीने पाठवू, जेणेकरून 20 तारखेची आपली गरज भागेल.

रोज संध्याकाळी 6 वाजता किती नग झाले आणि किती निघाले, हा निरोप आपल्याला येईल. या कामाची जबाबदारी ___ यांच्याकडे असून त्यांचा थेट क्रमांक ___ आहे.

आपल्याकडून एकच विनंती: पर्चेस ऑर्डरचे शेड्यूल वरील पाच टप्प्यांप्रमाणे बदलून द्यावे, म्हणजे उद्याची गाडी गेटवर अडणार नाही. टप्प्यांचा क्रम किंवा संख्या आपल्याला वेगळी हवी असल्यास आज संध्याकाळपर्यंत कळवावे.

विलंबाबाबत ऑर्डरमध्ये ज्या अटी आहेत त्यांवर स्वतंत्रपणे बोलण्यास आम्ही तयार आहोत.

आपला विश्वासू,
(मालकांची सही)

---

पत्रातल्या काही जागांविषयी सांगतो. "आधी कळवायला हवी होती" हे वाक्य मालक खोडायला सांगतील. खोडू देऊ नका. 600 नग वाकल्याचं तुम्हाला 12 तारखेच्या रात्री कळलेलं नाही, हे ग्राहकालाही समजतं. उशिरापेक्षा लपवाछपवीचा राग मोठा असतो आणि तो याच वाक्याने उतरतो. अर्थात, तुम्ही खरोखरच आधी कळवलं असेल तर ते वाक्य नको.

शेवटचं वाक्य, विलंबाच्या अटींचं, मुद्दाम कोरडं ठेवलं आहे. पत्र पाठवण्याआधी पर्चेस ऑर्डरच्या मागच्या बाजूच्या अटी वाचा. उशिराच्या प्रत्येक आठवड्याला ठरावीक टक्के कपात, तिची कमाल मर्यादा, लेखी सूचना किती दिवसांत द्यायची, असं बरंच काही तिथे असतं. भावनेच्या भरात "आपल्या सर्व नुकसानीची जबाबदारी आमची" असं लिहून बसलात तर त्या कमाल मर्यादेच्या वरचं ओझंही अंगावर येऊ शकतं. चूक आपली आहे हे मान्य करा, पैशांचं कलम त्या पत्रात आणू नका. रक्कम मोठी असेल तर पाठवण्याआधी वकिलाला दाखवा. त्याच कारणाने न मागता सूटही देऊ करू नका. लाइन चालू ठेवायच्या गडबडीत असलेल्या माणसाला सूट नको असते, त्याला 480 नग हवे असतात. आणि एकदा दिलेली सूट पुढच्या ऑर्डरच्या दरात येऊन बसते.

सही मालकांचीच हवी. दुसरी शिफ्ट लावणं, जादा गाडीचा खर्च उचलणं हे निर्णय त्यांचे आहेत, तुमच्या सहीने दिलेलं वचन उद्या त्यांनी फिरवलं तर तुम्ही मध्ये अडकाल. पत्र ईमेलने जाऊ दे, पण वेळापत्रक ईमेलच्या मजकुरातच लिहा. पीडीएफ उघडून बघायची तसदी प्रॉडक्शनवाला घेत नाही.

पत्र गेल्यावर संध्याकाळी सहाचा निरोप चुकवायचा नाही, सांगण्यासारखं काही नसेल त्या दिवशीसुद्धा. "काल रात्रीपर्यंत एकूण 320 झाले, बुधवारची गाडी ठरल्याप्रमाणे" एवढं पुरतं. आकडा कमी असेल तर तो कमीच लिहा, "काम प्रगतिपथावर आहे" असं लिहू नका. ते वाचून अनुभवी खरेदीवाला लगेच ओळखतो की काहीतरी अडलंय, आणि फोन उचलतो.

एक धोका या आराखड्यात शिल्लक राहतोच: नवीन 600 पुन्हा वाकले तर? म्हणून पहिले 300 परत येतील त्या 20 तारखेच्या संध्याकाळी पाच नग लगेच व्ही-ब्लॉकवर घ्या, शनिवार सकाळची वाट पाहू नका. दुसरे 300 त्याच संध्याकाळी भट्टीकडे निघणार आहेत. पहिल्या लॉटचे नग नीट आले नसतील तर ती गाडी थांबवा, टांगायची पद्धत दुरुस्त करून घ्या आणि त्याच रात्री ग्राहकाला फोन करा. त्यांच्याकडे तोपर्यंत 26 तारखेपर्यंत पुरेल एवढा माल पोचलेला किंवा वाटेवर असेल, त्यामुळे नवं वेळापत्रक बसवायला दोघांनाही जागा असते. तेव्हा पाठवायचं पत्र याच साच्यातलं, फक्त वेळापत्रकातल्या शेवटच्या दोन ओळींच्या तारखा बदललेल्या.